पहिली केस स्टडी : मानसशास्त्र आणि अभियांत्रिकीतून यूएक्सकडे

मोबाइलवरून पैसे पाठवले, पडद्यावर गोल चक्र फिरू लागले आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. पैसे गेले की खात्यातच राहिले? पुन्हा पाठवावेत का? अशा वेळी पडद्यावर कोणते शब्द दिसावेत, ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण तिथे ठेवावे की मुद्दाम काढून टाकावे, आणि व्यवहाराचा निकाल लागल्यावर त्या माणसाला काय व कसे कळवावे, हे ठरवणे यूएक्स डिझायनरचे काम असते. यूएक्स म्हणजे यूजर एक्स्पिरियन्स, वापरणाऱ्याचा अनुभव. रंग, अक्षरांचे वळण, चित्रे हा या कामाचा डोळ्यांना दिसणारा भाग. त्याच्या आधी माणूस काय करू पाहतो, त्याला काय ठाऊक आहे आणि तो कुठे अडतो हे शोधावे लागते, आणि त्यावरून पायऱ्यांचा क्रम बसवावा लागतो.

या शोधाला मानसशास्त्र लागते आणि क्रम बसवायला अभियांत्रिकी. हे नाव ज्यांच्यामुळे रूढ झाले त्या डॉन नॉर्मन यांनी दोन्ही विषय शिकले होते. १९५७ साली एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढे त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणिती मानसशास्त्रात पीएच.डी. केली. १९८८ साली त्यांचे रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या मानसशास्त्रावरचे पुस्तक आले. दार ढकलायचे की ओढायचे हे न कळणाऱ्या माणसाचा दोष नसून दाराचा दोष आहे, हा त्याचा गाभा. १९९३ मध्ये ते अ‍ॅपलमध्ये गेले आणि तिथे आपल्या पदाच्या नावातच त्यांनी ‘यूजर एक्स्पिरियन्स’ हे शब्द घेतले. या क्षेत्राकडे वळणाऱ्या बी.ए. किंवा बी.ई. झालेल्या मुलामुलींना आपण आडवाटेने शिरत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात ही या क्षेत्राची मूळचीच वाट आहे.

नोकरीच्या दारात मात्र पदवीपेक्षा पोर्टफोलिओ आधी पाहिला जातो, आणि पोर्टफोलिओ म्हणजे दोन-तीन केस स्टडी. एक अडचण कशी सापडली, तिचा अर्थ काय लावला, त्यावर काय उपाय केला, तो कसा तपासला आणि काय निष्पन्न झाले, याचा लेखी व सचित्र वृत्तान्त म्हणजे केस स्टडी. ज्याने अजून नोकरी केलेली नाही त्याच्याकडे दाखवायला दुसरे काही नसते. म्हणून पहिली केस स्टडी कशी उभी करायची, हाच या व्यवसायात शिरण्याचा खरा प्रश्न आहे.

दोन वाटा, दोन खड्डे

मानसशास्त्राच्या पदवीधराला माणसाशी बोलायचे शिक्षण मिळालेले असते. प्रश्नातच उत्तर सुचवले तर माहिती नासते, हे त्याला प्रात्यक्षिकांमधून कळलेले असते. ‘हा अर्ज अवघड वाटला ना?’ असे विचारले की समोरचा ‘हो’ म्हणणार. ‘असे अ‍ॅप केले तर वापराल का?’ असे विचारले तरी ‘हो’च म्हणणार, कारण समोर बसलेल्या मुलीचे मन मोडायचे नसते. आपल्याकडे हा भिडस्तपणा अधिकच. म्हणून मत विचारण्याऐवजी घडलेली गोष्ट विचारायची : ‘मागच्या वेळी अर्ज भरलात तेव्हा सुरुवातीपासून काय काय केलंत?’ आणि मग गप्प बसायचे. समोरचा थांबला की लगेच मदतीला न धावता शांत राहणे अवघड असते, पण ते सरावाने जमते.

या पदवीधराचा खड्डा पुढे असतो. मुलाखती उत्तम होतात, निष्कर्ष नीट मांडले जातात, आणि मग काम तिथेच थांबते. ‘माहिती सोपी करावी’, ‘विश्वास वाढवावा’ अशा शिफारशींवर अहवाल संपतो. कोणत्या पडद्यावरचा कोणता शब्द बदलायचा हे लिहिलेले नसते. निव्वळ संशोधनाच्या जागा सुरुवातीच्या पातळीवर थोड्या असतात. बहुतेक ठिकाणी ‘यूएक्स डिझायनर’ किंवा ‘प्रॉडक्ट डिझायनर’ या एकाच पदावर संशोधन, आराखडा आणि पडदे अशी तिन्ही कामे येतात. तेव्हा फिग्मासारख्या साधनावर हात बसवणे मानसशास्त्रवाल्याला चुकत नाही. साधन काही आठवड्यांत येते. मांडणीची नजर यायला अधिक वेळ लागतो, आणि ती चालू असलेल्या अ‍ॅपचे पडदे हुबेहूब उतरवून काढल्याने येते.

अभियंत्याचे उलटे. त्याला साध्या रस्त्याबरोबर फुटणारे सगळे फाटे दिसतात. रेंज गेली तर? ओटीपी आलाच नाही तर? त्याच नावाचा अर्ज आधीच असेल तर? नवख्या डिझायनरच्या कामात या ‘तर’चे पडदे बहुतेकदा नसतातच, आणि वापरणारा अडकतो तो नेमका तिथे. काय बांधणे सोपे आणि काय खर्चाचे हेही अभियंत्याला कळते. पण त्याला उपाय फार लवकर सुचतो. अडचण ऐकता ऐकता त्याच्या डोक्यात पडदे तयार होतात, आणि पुढच्या सगळ्या मुलाखती त्या पडद्यांना दुजोरा मिळवण्यासाठी होतात. आधी कळस मग पाया अशी ही गत, आणि केस स्टडी वाचणाऱ्या अनुभवी माणसाला ती पहिल्या पानावर कळते.

विषय कुठला घ्यावा

नवशिके बहुतेक वेळा एखादे प्रसिद्ध अ‍ॅप उचलून त्याची ‘नवी रचना’ करतात. हा रस्ता टाळावा. त्या कंपनीने ते बटण तिथे का ठेवले, त्यामागे कोणता कायदा, कोणता करार, कोणती आकडेवारी आहे, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नसतो. त्यामुळे कारणे कल्पनेने लिहावी लागतात. शिवाय तीच अ‍ॅप शेकडो उमेदवारांनी घेतलेली असतात.

विषय हाताच्या अंतरावरचा असावा. वापरणारी माणसे प्रत्यक्ष भेटतील, ती व्यवस्था चालवणारा माणूसही भेटेल आणि ‘हे असे का?’ याचे उत्तर देईल, आणि काम दीड-दोन महिन्यांत संपेल, एवढे पाहावे. गावचे सार्वजनिक वाचनालय, दवाखान्यातील नंबर लावण्याची पद्धत, पतपेढीचा खाते उघडण्याचा अर्ज, सोसायटीची देखभाल वर्गणी, असे विषय दिसायला लहान असतात. त्यांत खरी माणसे, खरी बंधने आणि खरा नकार मिळतो.

वसतिगृहाचा अर्ज

पुढचे प्रकरण रीत समजावण्यासाठी रचलेले आहे. त्यातले अडथळे मात्र महाराष्ट्रात ऑनलाइन अर्ज भरलेल्या कुणालाही ओळखीचे वाटतील. तालुक्याच्या गावी एक महाविद्यालय आहे. त्याच्या वसतिगृहाचा प्रवेश अर्ज संकेतस्थळावर भरायचा असतो. अर्ज चार पानी, सोबत सहा कागदपत्रे. मुले आजूबाजूच्या खेड्यांतून येतात आणि बहुतेक जण अर्ज मोबाइलवर भरतात. कार्यालयातल्या लिपिकांचा फोन जूनमध्ये दिवसभर वाजतो : ‘सर, फॉर्म होत नाही.’ मानसशास्त्राची एक पदवीधर मुलगी आणि तिचा अभियंता मित्र हे प्रकरण हाती घेतात.

पहिली भेट लिपिकांची. फोन कशासाठी येतात असे विचारल्यावर ते सांगतात, ‘मुलं नीट वाचत नाहीत. सगळं पहिल्या पानावर लिहिलंय.’ हे वाक्य वहीत जसेच्या तसे टिपले जाते. ते खरे की खोटे हे लगेच ठरवायचे नसते. ती तपासण्याची पहिली गोष्ट असते.

मग पाच विद्यार्थी निवडले जातात. सगळे यंदा अर्ज भरणारे, सगळ्यांच्या हातात स्वतःचा फोन. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची परवानगी घेतली जाते. प्रत्येकाला एवढेच सांगितले जाते : ‘तू एरवी भरशील तसा अर्ज भर. भरताना मनात जे येईल ते बोलत राहा. परीक्षा अर्जाची आहे, तुझी नाही.’ या पद्धतीला ‘थिंक अलाऊड’ म्हणतात. मनात चाललेले बोलून दाखवणे ही माहिती कितपत विश्वासार्ह, यावर अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८० च्या दशकात पायाभूत काम केले. त्यांच्या कामातून निघालेली सूचना अशी की काम चालू असताना ‘का?’ विचारू नये. ‘का’ विचारले की माणूस कारण रचू लागतो. ‘बोलत राहा’ एवढेच म्हणावे.

तिसरी विद्यार्थिनी वडिलांसोबत आलेली असते. पहिले पान ती भराभर पार करते. नियमांची यादी अंगठ्याने वर सरकवते, एक ओळही वाचत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यापाशी पोचल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून दाखला काढून बाकावर पसरते, फोटो काढते आणि जोडते. लाल अक्षरांत दोन शब्द येतात : Invalid file. ती पुन्हा फोटो काढते. पुन्हा तेच. मग वडिलांकडे वळून म्हणते, ‘पप्पा, दाखला चालत नाही म्हणतंय.’ वडील दाखला हातात घेऊन तारीख बघतात आणि विचारतात, ‘मग तहसीलला परत जावं लागंल का?’

मुलगी फोटो काढते तो साडेतीन एमबीचा. अर्जाची मर्यादा २०० केबी. ती मर्यादा पहिल्या पानावर नियम क्रमांक ११ मध्ये लिहिलेली आहे, म्हणजे लिपिकांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. पण घोडे पेंड खाते ते वेगळ्याच ठिकाणी. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत असते, हे त्या घराला पक्के ठाऊक आहे. मुदत संपलेला दाखला चालत नाही, हा त्यांचा अनुभव आहे. त्यामुळे ‘इनव्हॅलिड’ हा शब्द वाचल्यावर त्यांनी फाइलचा विचार न करता कागदाचा विचार केला. ही निष्काळजीपणाची चूक नाही. आधीच्या ज्ञानावरून काढलेला तो अगदी समंजस निष्कर्ष आहे, फक्त या ठिकाणी चुकीचा. मानसशास्त्रात ज्याला मनातला नमुना किंवा ‘मेंटल मॉडेल’ म्हणतात तो इथे उघड्यावर दिसतो. दिवसभराची मजुरी बुडवून तहसील कार्यालयात दुसरा दाखला काढायला निघालेला बाप, ही या एका शब्दाची किंमत आहे. सबंध केस स्टडी या प्रसंगावर उभी राहू शकते.

दुसरा अडथळा नावाचा. अर्जात ‘फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम’ असे तीन रकाने. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर बहुतेकांचे स्वतःचे नाव आधी. पाचांपैकी तिघे इथे थांबले. एकाने पहिल्या रकान्यात आडनाव लिहिले, कारण गुणपत्रिकेवर तेच पहिले आहे. असा अर्ज पुढे ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत येतो, आणि का परत आला ते कुणाला उमगत नाही.

पाचांपैकी एकच जण कुणाच्या मदतीशिवाय शेवटपर्यंत पोचला.

आता उपाय. पहिला सुचलेला उपाय असा होता : सुरुवातीलाच एक स्वच्छ पडदा, त्यावर लागणाऱ्या सहा कागदपत्रांची सचित्र यादी आणि फोटोच्या आकाराची सूचना. कागदावर रेखाटून तो दोन विद्यार्थ्यांना दाखवला. दोघांनीही तो न वाचता ‘पुढे’ वर बोट ठेवले. नियमांची यादी वाचत नव्हते, तसेच हीही वाचली नाही. सूचना गरजेच्या आधी दिली तर ती सूचना राहत नाही. म्हणून यादी काढून टाकली आणि प्रत्येक कागद त्याच्या त्याच्या पायरीवर मागायचा, जवळ नसेल तर ‘नंतर जोडा’ म्हणायची सोय द्यायची, असे ठरले. फसलेला उपाय आणि तो फसल्याचा पुरावा हा भाग नवखे उमेदवार लपवतात. खरे तर वाचणाऱ्याला उमेदवाराची विचार करण्याची पद्धत दिसते ती इथेच.

आकाराच्या मर्यादेवर अभियंता मित्राचे डोके चालते. फोटो लहान करण्याचे काम माणसाने का करायचे? ब्राउझरमध्येच, फोटो पाठवण्याआधी, तो लहान करता येतो. पण २०० केबीपर्यंत दाबल्यावर दाखल्यावरचा क्रमांक वाचता येईल का? त्याने दहा दाखल्यांचे फोटो दाबून लिपिकांना दाखवले. आठ वाचता आले. दोन मूळ फोटोच हलल्यामुळे पुसट होते. मग आणखी एक पायरी आली : दाबलेला फोटो मोठा करून दाखवायचा आणि विचारायचे, ‘दाखल्याचा क्रमांक वाचता येतो का?’ खाली दोन बटणे, ‘येतो’ आणि ‘फोटो पुन्हा काढतो/काढते’. ‘इनव्हॅलिड फाइल’ हा संदेश जिथे टाळता येणार नाही तिथे त्याची जागा या वाक्याने घेतली : ‘तुमचा दाखला ठीक आहे. फोटो जोडता आला नाही. पुन्हा फोटो काढा.’ यातले पहिले वाक्य सर्वांत महत्त्वाचे. पण फाइल उघडून न पाहता दाखला ठीक आहे असे अर्ज कसा म्हणेल, असा आक्षेप मित्राने घेतला, आणि तो बरोबर होता. शेवटी वाक्य झाले : ‘अडचण फोटोची आहे, दाखल्याची नाही. पुन्हा फोटो काढा.’ चार-पाच शब्दांच्या फेरफारावर झालेली ही चर्चा केस स्टडीत सविस्तर यावी. हे कामच अशा निर्णयांचे आहे.

नावासाठी तिला एकच लांब रकाना हवा होता : ‘गुणपत्रिकेवर आहे तसे पूर्ण नाव’. लिपिकांकडे चौकशी केल्यावर कळले की महाविद्यालयाच्या प्रणालीत नाव तीन तुकड्यांतच साठवले जाते आणि तिथे बदल करणे त्यांच्या हातात नाही. मग तीन रकाने ठेवले, पण क्रम गुणपत्रिकेचा : आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव. वर गुणपत्रिकेच्या त्या ओळीचे नमुना चित्र. मनासारखा नसला तरी हा उपाय उद्या अमलात येऊ शकतो, आणि बंधनात बसवलेला असा उपाय पाहणाऱ्याला अधिक पटतो.

तपासणीसाठी फिग्मातला नमुना पुरला नाही, कारण त्यात खरा फोटो काढून जोडता येत नव्हता, आणि अडचण तर तिथेच होती. मित्राने त्या दोन पायऱ्यांचे साधे वेबपान बनवले. नवे पाच विद्यार्थी, तीच सूचना. चार जण मदतीशिवाय शेवटपर्यंत पोचले. पाचवा ओटीपीवर अडला : अर्जात नोंदवलेला फोन वडिलांचा, आणि वडील शेतात. हा अडथळा पहिल्या फेरीत दिसला नव्हता. त्यावरचा उपाय या दोघांना सापडला नाही, आणि केस स्टडीत तो तसाच, न सुटलेला, लिहिला गेला.

पाच माणसांचा हिशेब

पाचच माणसे का, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. याकोब नीलसन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये अनेक तपासण्यांचा हिशेब मांडला. त्यात एक वापरकर्ता सरासरीने ३१ टक्के अडचणी उघड करतो असे दिसले. तेवढ्या दराने पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात, आणि त्यापुढे प्रत्येक नवा माणूस बहुतेक जुन्याच अडचणी दाखवतो. म्हणून पंधरा जणांची एक फेरी करण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या करून मधे दुरुस्ती करावी, असे नीलसन यांचे म्हणणे.

या आकड्याला मर्यादा आहेत. ३१ टक्के ही सरासरी आहे. दहांपैकी एकालाच येणारी अडचण पाच जणांच्या फेरीत दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के. शिवाय हा हिशेब एकाच प्रकारच्या माणसांचा आहे. विद्यार्थी, पालक आणि लिपिक हे तीन गट असतील तर प्रत्येकाचे वेगळे पाच लागतील.

आणि पाच जण अडचणी शोधायला पुरतात, मोजायला पुरत नाहीत. नव्या अर्जात पाचांपैकी चार यशस्वी झाले म्हणून ‘यशाचे प्रमाण ८० टक्के’ असे लिहिणे चूक आहे. संख्याशास्त्राने पाहिले तर पाचांत चार या निकालावरून खरे प्रमाण साधारण ३८ ते ९६ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते. तसेच ‘आधी २० टक्के, आता ८० टक्के, म्हणजे चौपट सुधारणा’ असे वाक्य पोर्टफोलिओत दिसले की जाणकार वाचक पुढचे सगळे संशयाने वाचतो. ‘जुन्या अर्जात पाचांपैकी एक, नव्या नमुन्यात दुसऱ्या पाचांपैकी चार, नमुन्यात फक्त दोन पायऱ्या खऱ्या होत्या’ असे लिहावे. प्रयोगाची शिस्त शिकलेल्या मानसशास्त्राच्या पदवीधराला ही सावधगिरी सहज जमते, आणि इथे तो इतरांच्या पुढे असतो.

कागदावर उतरवताना

भरती करणाऱ्याच्या टेबलावर एका जागेसाठी अनेक पोर्टफोलिओ असतात. पहिल्या नजरेत त्याला काही मिनिटेच मिळतात. त्यामुळे सुरुवातीच्या चार-पाच ओळींत प्रकरणाचा अर्क यावा : कोण अडत होते, कशामुळे, काय बदलले, काय दिसून आले. वरच्या प्रकरणाचे शीर्षक ‘वसतिगृह अर्जाची पुनर्रचना’ असे ठेवता येईल. ‘दाखला चालत नाही म्हणतंय’ हे शीर्षक अधिक बरे, कारण सापडलेली गोष्ट त्यातच आहे.

संशोधन, व्याख्या, कल्पना, नमुना, तपासणी अशा ठरावीक पाच कप्प्यांची आकृती बहुतेक केस स्टडींत असते आणि ती कुणी वाचत नाही. तिच्या जागी जुना पडदा आणि नवा पडदा शेजारी ठेवून, बदललेल्या प्रत्येक जागेपाशी कारण लिहावे. तसेच ‘राहुल, वय १९, गाणी ऐकायला आवडतात’ अशी कल्पित व्यक्तिचित्रे टाळावीत. गाण्यांच्या आवडीचा अर्जाच्या रचनेवर काही परिणाम होत नसेल तर ती ओळ शोभेची. ‘फोन वडिलांच्या नावावर आहे’ ही ओळ मात्र रचना बदलते.

दोघांनी काम केले असेल तर कुणी काय केले हे स्पष्ट लिहावे. मुलाखतीत दोन प्रश्न विचारले की खरे बाहेर येतेच. प्रशिक्षणार्थी म्हणून एखाद्या कंपनीत केलेले काम असेल तर गोपनीयतेचा करार आधी वाचावा आणि लेखी परवानगीशिवाय पडदे दाखवू नयेत. विद्यार्थ्यांचे चेहरे, आधार क्रमांक, दाखल्यावरची नावे झाकावीत. आधार क्रमांकावर पारदर्शक रंग फिरवला तर खालचे आकडे वाचता येतात. तो भाग कापून काढावा किंवा पूर्ण काळा करावा.

लिहून झाल्यावर एक तपासणी करता येते. केस स्टडीतला संशोधनाचा भाग काढून टाकला तर शेवटचे पडदे बदलले असते का, असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल तर पडदे आधी झाले होते आणि संशोधन नंतर चिकटवले गेले. असे प्रकरण पुन्हा करायला घ्यावे.

मुलाखतीत केस स्टडी वीस-तीस मिनिटांत मांडायला सांगतात आणि मग खोदून विचारतात. मर्यादा २०० केबीच का होती? लिपिकांनी नकार दिला असता तर? आणखी दोन आठवडे मिळाले असते तर काय तपासले असते? या प्रश्नांची उत्तरे पाठ करून येत नाहीत. ज्याने लिपिकांशी खरोखर चार वेळा बोलणे केले आहे त्याला ती आपोआप येतात.

पुढे शिकायचे असेल त्यांच्यासाठी मुंबईत सोय आहे. आयआयटी मुंबईत १९६९ साली सुरू झालेल्या आयडीसीमध्ये इंटरॅक्शन डिझाइनची एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी मिळते. मराठीसह भारतीय भाषांसाठीचा ‘स्वरचक्र’ हा मोबाइल कळफलक याच संस्थेत तयार झाला. प्रवेशासाठी सीईईडी ही परीक्षा असते. ती आयआयटी मुंबईच घेते, आणि बारावीनंतर किमान तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम केलेल्याला ती देता येते. म्हणजे मानसशास्त्राची बी.ए. आणि संगणकाची बी.ई. दोघेही एकाच रांगेत. नोकरीसाठी ही पदवी सक्तीची नाही. संशोधनाच्या जागांसाठी मात्र पदव्युत्तर शिक्षणाचा उपयोग होतो. तिथेही प्रवेशाच्या मुलाखतीत उमेदवाराचे आधीचे काम पाहिले जातेच.

दहावी-बारावीचे निकाल लागले की प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयापुढे रांग लागते. त्या रांगेत उभ्या असलेल्या पाच मुलांना फोनवर अर्ज भरताना शेजारी बसून बघायला एक दिवस पुरतो, आणि लिपिकांची परवानगी मागायला पैसे लागत नाहीत. ज्यांना या क्षेत्रात यायचे आहे त्यांनी साधने शिकण्याचे वर्ग लावण्याआधी हा एक दिवस काढावा आणि त्या दिवशी जे ऐकू येईल ते जसेच्या तसे वहीत उतरवून घ्यावे.